व्याजदर वाढला, हप्ता तोच: आता मुदत वाढू द्यायची की हप्ता?

होम लोनचा दर वाढल्याचा बँकेचा मेसेज येतो तेव्हा बहुतेक जण एकच गोष्ट बघतात: खात्यातून कापला जाणारा हप्ता बदलला का? तो तेवढाच असेल तर मेसेज तिथेच मिटतो. पण दर वाढूनही हप्ता तोच राहिला, याचा अर्थ बँकेने तुमच्या वतीने निर्णय घेऊन टाकला आहे. तुमची मुदत वाढली आहे. किती वाढली हे मेसेजमध्ये असलंच तर शेवटच्या ओळीत असतं, आणि तो आकडा बघितला की बऱ्याच जणांना बँकेची चूक झाली असावी असं वाटतं. चूक नसते. तो हिशेबच तसा आहे, आणि तो एकदा समजला की मुदत आणि हप्ता यातली निवड बरीच सोपी होते.

हा लेख फ्लोटिंग दराचं पहिलंच कर्ज घेतलेल्यांसाठी आहे. कॅल्क्युलेटर आणि कर्जाचं ताजं स्टेटमेंट जवळ ठेवा.

आधी चार आकडे शोधा

शिल्लक मुद्दल, सध्याचा दर, सध्याचा हप्ता आणि शिल्लक हप्त्यांची संख्या. मूळ कर्ज किती होतं, किती वर्षांसाठी घेतलं होतं, हे आता विसरा. पुढच्या हिशेबात त्याचा उपयोग नाही. बँकेच्या ॲपमध्ये पहिले तीन आकडे लगेच दिसतात. चौथा, म्हणजे किती हप्ते उरले, हा मात्र कधीकधी दिसत नाही, किंवा मूळ मंजुरीच्या वेळचाच दिसत राहतो. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात बँका आणि गृहवित्त कंपन्यांना सांगितलं आहे की दर तिमाहीअखेर कर्जदाराला विवरण द्यायचं, आणि त्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक व्याजदर एवढं असलंच पाहिजे. ते विवरण ईमेलमध्ये शोधा. स्पॅममध्येही बघा. नाहीच सापडलं तर शाखेत मागा, तो तुमचा हक्क आहे.

सोबत मंजुरीपत्र काढून एक गोष्ट तपासा: तुमचा दर कशाला बांधलेला आहे? १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या मानक दराला जोडणं बंधनकारक झालं, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, निवडला. अशा कर्जात तुमचा दर म्हणजे रेपो अधिक बँकेचा स्प्रेड, म्हणजे बँक रेपोच्या वर लावते ते टक्के. रेपो हलला की किमान तीन महिन्यांतून एकदा तुमचा दरही हलतो. त्याआधीची कर्जं एमसीएलआरवर असतील, फारच जुनी असतील तर बेस रेटवर. तिथे दर बँकेच्या स्वतःच्या खर्चावर ठरतो आणि उशिरा हलतो. गृहवित्त कंपन्यांना मात्र रेपोचं बंधन नाही. त्यांचा स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट असतो, आणि तो कधी व किती बदलायचा हे त्या ठरवतात.

हे तपासायचं कारण असं की पुढे कधी दर उतरले तर ते तुमच्यापर्यंत किती लवकर पोचतील, हे यावर ठरतं. मुदत वाढू द्यायची का, या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

एक महिना हाताने सोडवून बघा

समजा नाशिकचं एक जोडपं आहे. शिल्लक मुद्दल ३० लाख, दर ७ टक्के, उरलेले हप्ते २४०, म्हणजे २० वर्षं. हप्ता २३,२५९ रुपये. नवऱ्याचं वय ३६, कंपनीत निवृत्ती ६० ला.

७ टक्क्याला एका महिन्याचं व्याज किती? ३० लाखांचे ७ टक्के २ लाख १० हजार, त्याला १२ ने भागलं की १७,५०० रुपये. हप्ता २३,२५९. म्हणजे उरलेले ५,७५९ रुपये मुद्दलात जातात. कर्ज फेडण्याचं काम हे ५,७५९ रुपयेच करतात. बाकी सगळं व्याज.

आता दर ८.५ झाला. महिन्याचं व्याज २१,२५०. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात गेले २,००९ रुपये. व्याज वाढलं साधारण एकवीस टक्क्यांनी, पण मुद्दलात जाणारी रक्कम जवळजवळ एक तृतीयांशावर आली. मुदत लांबते ती यामुळे. दर वाढला की बँक आधी आपलं व्याज वळतं करून घेते, आणि तुमच्या फेडीच्या वाट्याला उरलेलं येतं.

याच हिशेबाने, हप्ता २३,२५९ वरच धरून, दर अर्ध्या अर्ध्या टक्क्याने चढत गेला तर किती हप्ते लागतील ते बघा. ७ टक्क्याला २४०. साडेसातला २६३. आठला २९६. साडेआठला ३४७. नऊला ४५८, म्हणजे अडतीस वर्षं. आणि साडेनऊला? महिन्याचं व्याजच २३,७५० होतं. हप्ता त्याहून ४९१ रुपयांनी कमी आहे. कर्ज कधीच फिटणार नाही, उलट दर महिन्याला वाढत जाईल.

पहिल्या अर्ध्या टक्क्याने दोन वर्षांपेक्षा कमी वाढ झाली, चौथ्या अर्ध्या टक्क्याने सव्वानऊ वर्षांची. ‘अर्धा टक्का तर वाढला आहे, बघू पुढे’ असं म्हणताना हा क्रम डोळ्यासमोर असावा.

हे कागदावरचं भय नाही. मे २०२२ मध्ये रेपो ४ टक्क्यांवरून ४.४० झाला, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत सहा टप्प्यांत ६.५० वर गेला. अडीच टक्के, दहा महिन्यांच्या आत. ज्यांनी त्याच्या थोडंच आधी सात टक्क्यांच्या आसपास वीस वर्षांचं कर्ज घेतलं होतं, ते बरोबर वरच्या यादीतूनच गेले. अनेकांची मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेली आणि ते त्यांना बऱ्याच उशिरा कळलं. ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आलं ते या पार्श्वभूमीवर. त्यानुसार दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. आणि मुदत वाढवताना हप्ता व्याजालाही अपुरा पडेल अशी अवस्था येऊ द्यायची नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो. तुमचं कर्ज संपत आलं असेल तर यातलं फारसं काही तुम्हाला लागू नाही. शिल्लक १० लाख, उरलेले हप्ते ८४, दर ७ वरून ८.५ झाला, हप्ता १५,०९३ च ठेवला, तर ८४ चे ९० हप्ते होतात. सहा महिने. हप्त्यात मुद्दलाचा वाटा आधीच मोठा असल्यामुळे व्याजाच्या वाढीने तो फारसा दबत नाही. अशा वेळी मुदत वाढू द्या आणि दुसऱ्या कामाला लागा. खरा प्रश्न कर्जाच्या पहिल्या सात-आठ वर्षांत असलेल्यांचा.

आपलं कर्ज एक्सेलमध्ये टाका

वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरपेक्षा एक्सेल किंवा गूगल शीट बरी, कारण तिथे आपला हप्ता आपण टाकून मुदत काढता येते. बहुतेक कॅल्क्युलेटर उलटं करतात, मुदत विचारून हप्ता सांगतात.

```
=NPER(8.5%/12, -23259, 3000000)
=PMT(8.5%/12, 240, -3000000)
```

पहिल्या ओळीने हप्ता तोच ठेवला तर किती महिने लागतील ते मिळतं: ३४७. दुसरीने मुदत तीच ठेवायची तर हप्ता किती हवा ते मिळतं: २६,०३५. आपला दर, हप्ता आणि शिल्लक टाका. पहिल्या ओळीत `#NUM!` आलं तर सूत्र चुकलेलं नसतं, तुमचा हप्ता व्याजाला पुरत नाहीये. तसं दिसलं तर त्याच आठवड्यात बँकेत जा.

बँकेच्या आकड्यात आणि तुमच्या आकड्यात एखाद्या हप्त्याचा फरक येईल; काही बँका दिवसावर व्याज मोजतात. पाच-दहा हप्त्यांचा फरक आला तर मात्र विचारा. बहुधा दर किंवा शिल्लक जुनी धरलेली असते.

दोन टोकांमधली जागा

आता आपल्या जोडप्यासमोर दोन टोकं आहेत. हप्ता २३,२५९ आणि ३४७ महिने, किंवा हप्ता २६,०३५ आणि २४० महिने. फरक महिन्याला २,७७६ रुपये. पहिल्या टोकाला एकूण व्याज ५० लाख ७० हजारांच्या आसपास जातं, दुसऱ्या टोकाला साडेबत्तीस लाख.

हे अठरा लाखांचं अंतर दाखवून लोकांना घाबरवण्याची पद्धत आहे. मला ती पूर्ण पटत नाही. त्यातले बरेचसे रुपये वीस ते एकोणतीस वर्षांनंतरचे आहेत आणि तेव्हाच्या रुपयाची किंमत आजच्यासारखी नसेल. नेमका विचार असा करावा: कर्जात जादा भरलेल्या प्रत्येक रुपयावर तुमचे ८.५ टक्के वाचतात, खात्रीने आणि त्या बचतीवर कर न लागता. तेवढा खात्रीचा परतावा करानंतर मुदत ठेवीत मिळत नसेल तर जादा पैसा कर्जात जाणं शहाणपणाचं. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट तुम्ही घेत असाल तर तुमचा खरा खर्च थोडा कमी पडतो, एवढं त्यात धरा. पण आपल्या उदाहरणात वर्षाचं व्याज अडीच लाखांच्या वर आहे, म्हणजे वजावट एकटाच घेत असेल तर वरच्या भागावर ती नाहीच. आणि जादा पैसे भरून आधी कमी होतं ते या वरच्या भागाचंच व्याज.

एकूण व्याजापेक्षा मला वयाचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ३६ व्या वर्षी ३४७ हप्ते उरले म्हणजे शेवटचा हप्ता जवळजवळ पासष्टाव्या वर्षी. निवृत्ती साठला. ती पाच वर्षं हप्ता कशातून भरणार? ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडातून, असं उत्तर येत असेल तर म्हातारपणाच्या पैशावर आजच बोजा टाकला. शिवाय बँकेची स्वतःची कमाल वयाची आणि कमाल मुदतीची मर्यादा असते. मुदत त्या मर्यादेला टेकली की पुढची दरवाढ थेट हप्त्यावर येते, आणि तेव्हा तुम्हाला निवडीला जागा राहत नाही.

म्हणून पहिली अट ही ठेवा: शेवटचा हप्ता निवृत्तीच्या आधी. या जोडप्यासाठी ते २८८ महिने. आता हप्ता थोडाथोडा वाढवून बघू. २४,००० केला, म्हणजे फक्त ७४१ रुपये जास्त, तर ३४७ चे ३०७ होतात. ४० महिने गेले. २४,५०० केला तर २८६. अट पूर्ण झाली. २५,००० ला २६९. आणि मूळ २४० वर यायला २६,०३५.

यात दिसतं असं की पहिले रुपये सगळ्यात जास्त काम करतात. पहिल्या १,२४१ रुपयांनी ६१ महिने कापले, पुढच्या १,५३५ रुपयांनी ४६. कारण पुन्हा तेच: मुद्दलात जात होते २,००९ रुपये, त्यात १,२४१ ची भर म्हणजे फेडीचा वेग दीडपटीहून जास्त. ज्यांना पूर्ण वाढीव हप्ता झेपत नाही आणि म्हणून जे ‘मग राहू दे मुदतच’ म्हणतात, ते इथेच हुकतात. पूर्ण नाही तर निम्मा वाढवा. निम्म्या वाढीत निम्म्याहून जास्त फायदा आहे.

पगार साधारण दरवर्षी वाढत असेल तर याहून चांगलं करता येतं. हेच जोडपं २४,५०० पासून सुरू करून दर एप्रिलला हप्ता फक्त एक हजाराने वाढवत गेलं, आणि दर ८.५ वरच राहिला, तर कर्ज साधारण पावणेपंधरा वर्षांत संपतं. दर वाढण्याआधीच्या वीस वर्षांपेक्षाही पाच वर्षं आधी. पंधराव्या वर्षी हप्ता ३८,५०० असेल, जो आज मोठा वाटतो. पण पंधरा वर्षांनंतरच्या पगारातून भरायचा आहे. पगाराच्या वाढीचा भरवसा नसेल, म्हणजे धंदा असेल किंवा कंत्राटी नोकरी, तर हा मार्ग लेखी बांधून घेऊ नका. चांगल्या वर्षी पार्ट पेमेंट करा, म्हणजे हप्त्याव्यतिरिक्त एकरकमी पैसे मुद्दलात भरा.

मुदत वाढवणं कधी योग्य

कधीकधी तेच बरोबर असतं. हातात चार-पाच महिन्यांच्या घरखर्चाइतकीही रक्कम नाही, एकाची नोकरी डळमळीत आहे, घरात बाळंतपण किंवा मोठा आजार आहे, क्रेडिट कार्डची किंवा पर्सनल लोनची थकबाकी आहे. कार्डावरचं व्याज गृहकर्जाच्या कितीतरी पट असतं. आधी ते संपवा. अशा वेळी मुदत वाढू द्यावी, पण तारीख टाकून: पुढच्या एप्रिलला परत हिशेब करायचा. वाढवलेली मुदत नंतर पार्ट पेमेंटने केव्हाही कापता येते. वाढवलेला हप्ता खाली आणणं मात्र बँकेच्या मर्जीवर असतं, म्हणून डळमळीत काळात हप्ता वाढवण्याची घाई नको.

‘दर पुन्हा उतरतीलच, मग कशाला’ हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आला, आणि रेपोला बांधलेल्या कर्जांचे दरही उतरले. पण २०२२ ची वाढ आणि ही घट यांच्यात जवळजवळ दोन वर्षं सर्वोच्च दरावर गेली, आणि त्या काळात मुदत ताणलेल्यांचं मुद्दल जेमतेम हललं. शिवाय तुमचं कर्ज गृहवित्त कंपनीचं किंवा एमसीएलआरवरचं असेल तर उतार तुमच्यापर्यंत उशिरा पोचतो. आणि दर उतरतील तेव्हा एक काम लक्षात ठेवा: हप्ता कमी करून घेऊ नका. तोच चालू ठेवा, मुदत आपोआप आखडते.

पार्ट पेमेंट, आणि त्यात काय बिघडतं

बोनस, एखादी पिकलेली एलआयसी पॉलिसी, गावाकडच्या जमिनीचा हिस्सा असे पैसे हातात असतील तर हप्त्याऐवजी मुद्दलावर मारा. आपल्या उदाहरणात हप्ता २३,२५९ च ठेवून एकदाच दीड लाख भरले तर ३४७ चे २८७ हप्ते होतात. म्हणजे आज दीड लाख भरणं आणि पुढे दर महिन्याला १,२४१ रुपये जास्त देणं, दोन्हींनी मुदत जवळजवळ सारखीच कापली जाते. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँका घेऊ शकत नाहीत, पूर्ण फेडीवर नाही आणि अंशतः फेडीवरही नाही. कोणी दंड मागितला तर लेखी नियम मागा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, बँक ही रक्कम आगाऊ हप्ता म्हणून धरते. पैसे पडून राहतात आणि मुद्दल कमी होत नाही. दोन, मुद्दल कमी होतं पण त्याबरोबर हप्ताही कमी करून देतात आणि मुदत आहे तिथेच राहते. पैसे भरताना अर्जावर किंवा ॲपमध्ये ‘मुदत कमी करा, हप्ता तोच’ हा पर्याय निवडला आहे याची खात्री करा. आणि पुढच्या महिन्यात स्टेटमेंटमधलं व्याज बघा. दीड लाख खरोखर मुद्दलात गेले असतील तर ८.५ टक्क्याने महिन्याचं व्याज साधारण १,०६२ रुपयांनी कमी दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पैसे चुकीच्या खान्यात आहेत.

मात्र अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे कर्जात घालू नका. साध्या गृहकर्जात भरलेला पैसा परत काढता येत नाही. ओव्हरड्राफ्ट स्वरूपाचं गृहकर्ज असेल तर ती अडचण नाही, पण त्याचा दर बहुधा थोडा जास्त असतो.

स्प्रेड तपासायला विसरू नका

मुदत आणि हप्ता यात डोकं घालण्याआधी खरं तर हा फोन करायला हवा: तुमच्याच बँकेत आज नव्या ग्राहकाला, तुमच्याएवढ्या सिबिल स्कोअरवर, काय दर मिळतो? रेपो दोघांना सारखाच, फरक फक्त स्प्रेडचा. नवा ग्राहक पाव-अर्धा टक्का स्वस्त घेत असेल तर त्या दरावर जाण्यासाठी रूपांतराचा अर्ज द्या. थोडी फी घेऊन अनेक ठिकाणी दर कमी करून मिळतो. गृहवित्त कंपन्यांत तर हे नेहमीचंच आहे, आणि मागितल्याशिवाय कोणी देत नाही. वर बघितलंच की साडेआठ ते आठ या अर्ध्या टक्क्याने ३४७ चे २९६ हप्ते होतात. हप्ता एक रुपयाही न वाढवता.

दुसऱ्या बँकेत कर्ज हलवणं हा पुढचा उपाय. त्यात नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकील आणि मूल्यांकनाचा खर्च, आणि महाराष्ट्रात गहाणखताचं मुद्रांक शुल्क व नोटीस ऑफ इंटिमेशनची फी येते. सगळं मिळून किती लागतं ते लिहून घ्या आणि त्याला महिन्याच्या वाचणाऱ्या व्याजाने भागा. दीड-दोन वर्षांत खर्च भरून येत नसेल तर सोडा. नवी बँक कर्ज परत वीस वर्षांचं करून, हप्ता कमी झाल्याचं दाखवते. तिला तुमचे उरलेले महिनेच द्यायला सांगा.

ठरावीक दराकडे वळण्याचा पर्याय बँकेच्या धोरणात असला तर विचारून घ्या, पण तो दर फ्लोटिंगपेक्षा बहुधा बराच वर असतो आणि दर चढून गेल्यावर वळण्यात अर्थ कमी.

बँकेला काय लिहायचं

तोंडी सांगून भागत नाही. ईमेल करा किंवा शाखेत अर्ज देऊन पोच घ्या. मजकूर एवढाच पुरे:

‘माझ्या गृहकर्ज खात्याचा व्याजदर अमुक तारखेपासून बदलला आहे. दर बदलल्यावर हप्ता व मुदत निवडण्याच्या पर्यायानुसार, माझा मासिक हप्ता २४,५०० रुपये करावा व त्याप्रमाणे मुदत कमी करावी. सुधारित परतफेडीचा तक्ता, त्यात शेवटच्या हप्त्याच्या तारखेसह, पाठवावा.’

‘मुदत कमी करावी’ एवढंच मोघम लिहू नका; नेमका हप्ता लिहा, आणि एक्सेलमध्ये काढलेले महिने बँकेच्या नव्या तक्त्याशी जुळवा.

हप्ता दुसऱ्या बँकेच्या खात्यातून जात असेल तर आणखी एक गोष्ट. कर्ज घेताना तुम्ही सही केलेल्या नॅच मँडेटवर, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायच्या परवानगीवर, कमाल रक्कम लिहिलेली असते. नवा हप्ता तिच्या वर गेला तर हप्ता परत जातो, बाऊन्सचा दंड लागतो आणि सिबिलवर डाग येतो, तोही तुम्ही स्वतःहून जास्त भरायला निघालेले असताना. मँडेटची मर्यादा आधी विचारा, कमी असेल तर नवं मँडेट द्या, आणि ते मंजूर झाल्यानंतरच्या महिन्यापासून नवा हप्ता लावायला सांगा.

कर्ज संयुक्त असेल तर दोघांच्या सह्या लागतील. कर्जाला जोडलेला विमा असेल तर त्याची मुदत तपासा: विमा मूळ वीस वर्षांचाच राहतो, कर्ज एकोणतीस वर्षांचं झालं तर शेवटची नऊ वर्षं विम्याविना.

अर्जाला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं ते पटलं नाही, तर बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर विनाशुल्क करता येते. गृहवित्त कंपनीविरुद्धची नॅशनल हाउसिंग बँकेकडे. पोच घेतलेला अर्ज आणि तिमाही विवरण तिथे जोडावं लागतं.

नवा तक्ता आला की त्यातल्या पहिल्या महिन्याचं व्याज हाताने काढा: शिल्लक गुणिले दर, भागिले १२०० (दर ८.५ असेल तर ८.५ ने गुणा). जुळलं तर पुढचा हिशेब दर पुन्हा हलेल त्या तिमाहीत.